मशीनचा हप्ता आणि मशीनचे तास

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून शिरोलीकडे आणि गोकुळ शिरगावकडे दिवसभर छोटे टेम्पो धावत असतात. त्यांत बऱ्याचदा अर्धवट तयार झालेला माल असतो. एका शेडमध्ये लेथवर काम झालं, आता दुसऱ्या शेडमध्ये भोकं पाडायची, तिसरीकडे ग्राइंडिंग करायचं आणि मग माल परत मूळ मालकाकडे. फाउंड्रींच्या या शहरात एक भाग पूर्ण होईपर्यंत तीन-चार कारखान्यांचे उंबरे ओलांडतो, आणि प्रत्येक उंबऱ्यावर जॉबवर्कचं एक बिल तयार होतं.

महिनाअखेरीस ही बिलं एकत्र केली की छोट्या कारखानदाराच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. एवढे पैसे दुसऱ्याला देण्यापेक्षा आपणच मशीन घेतलं तर? बँक कर्ज द्यायला तयार असते, मशीन विकणारा प्रतिनिधी कोटेशन घेऊन दारात उभा असतो, आणि चलनाच्या पाठकोऱ्या बाजूला एक झटपट हिशेब मांडला जातो. बाहेरचं बिल महिन्याला इतकं, मशीनचा हप्ता इतका. बिल मोठं, म्हणजे मशीन परवडलं.

हा हिशेब चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे समजण्यासाठी एक कारखाना धरून चालू. आकडे गणितापुरते घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालायचे आहेत.

या कारखान्यात पंपासाठी लागणारं बेअरिंग हाउसिंग तयार होतं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, स्वतःच्या सीएनसी लेथवर त्याचं टर्निंग होतं. पण त्यावर चार भोकं पाडून आटे करायचे आणि एक बाजू सपाट करायची, हे काम उभ्या मशीनिंग सेंटरचं, म्हणजे व्हीएमसीचं. ते मशीन नसल्यामुळे महिन्याला १,५०० नग बाहेर पाठवले जातात. नगामागे मजुरी ६० रुपये, म्हणजे महिन्याचं बिल ९०,००० रुपये. मालकाने कोटेशन मागवलं तेव्हा व्हीएमसी ३० लाखांना पडत होतं, आणि फिक्स्चर, टूल, एअर कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, मोजमापाची साधनं यांचे आणखी ४ लाख. एकूण ३४ लाख. त्यातले साडेआठ लाख स्वतःचे घातले, उरलेल्या साडेपंचवीस लाखांचं ११ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढलं, तर हप्ता बसतो सुमारे ५५,४०० रुपये. नव्वद हजार जायचे ते वाचले, पंचावन्न हजार भरायचे. दरमहा जवळपास ३५ हजारांचा फायदा. पाठकोऱ्या चलनावर हे गणित फारच सुंदर दिसतं.

आता तेच गणित नीट मांडू.

मशीन दारात आलं की काही खर्च असे सुरू होतात, ज्यांना किती नग झाले याच्याशी देणंघेणं नसतं. पहिला खर्च मशीनच्या झिजेचा. आठ वर्षांनी मशीन विकून १० लाख येतील असं धरलं, तर ३४ लाखांतले २४ लाख आठ वर्षांत संपतात. महिन्याला २५,००० रुपये. दुसरा, अडकलेल्या भांडवलाचं व्याज. सुरुवातीला ३४ लाख अडकलेले, शेवटी १० लाख. सरासरी २२ लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याला सुमारे २०,०००. यात स्वतः घातलेल्या पैशांचंही व्याज धरलेलं आहे, कारण ते पैसे दुसरीकडे ठेवले असते तर काहीतरी मिळालंच असतं. तिसरा, ऑपरेटर. सेटिंग जाणणारा माणूस पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस धरून ३०,००० रुपयांना पडतो, आणि काम नसलं म्हणून त्याचा पगार थांबत नाही. मग जागेचे ६,०००, वाढीव वीजभाराचा स्थिर आकार आणि विमा मिळून ७,०००, देखभालीचे ७,०००. बेरीज ९५,००० रुपये. एकही नग न करता, फक्त मशीन आणि माणूस उभे राहिले म्हणून, दर महिन्याला हा खर्च होतो.

याशिवाय प्रत्येक नगामागे काही खर्च होतो: वीज, ड्रिल-टॅप-इन्सर्टची झीज, कूलंट, आणि आपल्याच हातून खराब होणाऱ्या मालाचा वाटा. तो १६ रुपये धरू.

बाहेरचा खर्चही नुसता ६० रुपये नसतो. टेम्पोचं भाडं नगामागे ४ रुपये. परत आलेला माल तपासणं आणि त्यातला खराब माल यांचे आणखी ४. कास्टिंगच्या पोटात पोकळी असेल तर ती मशीनिंग करतानाच उघडी पडते. अशा नगाची मजुरी कोणी सोसायची यावर जॉबवाला आणि मालक यांच्यात घासाघीस होते, आणि बहुतेक वेळा ती मालकाला द्यावी लागते. म्हणजे बाहेरचा खरा खर्च ६८ रुपये. दोन्ही बाजूंना जीएसटी मुद्दाम धरलेला नाही, कारण नोंदणीकृत कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं. फक्त एवढं लक्षात ठेवायला हवं, की ३० लाखांच्या मशीनवर १८ टक्क्यांनी ५ लाख ४० हजार आधी मोजावे लागतात आणि क्रेडिट वापरलं जाईपर्यंत ते पैसे खेळत्या भांडवलातून बाहेर राहतात.

आता प्रत्येक नग घरी केला की ६८ उणे १६, म्हणजे ५२ रुपये वाचतात. या बावन्न-बावन्न रुपयांनी दरमहाचे ९५,००० भरून काढायचे आहेत. भागाकार केला की १,८२७ येतात. महिन्याला १,८२७ नग झाले तर मशीन घेणं आणि काम बाहेर देणं यांचा खर्च सारखा. त्याहून कमी असतील तर बाहेरचं स्वस्त, जास्त असतील तर घरचं. यालाच ब्रेक-इव्हन म्हणतात.

खर्चाच्या रेषा कागदावर काढून त्या एकमेकींना कुठे छेदतात हे पाहण्याची ही पद्धत तशी जुनी. हेन्री हेस या अभियंत्याने १९०३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभियांत्रिकी मासिकात असा आलेख मांडला होता, आणि पुढे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक वॉल्टर राउटेनस्ट्राउख यांनी ती कारखानदारीत रुजवली. आपल्याकडे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे सूत्र पाठ असतं. पण पाठ्यपुस्तकातलं गणित भागाकारापाशी संपतं. छोट्या कारखान्याचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

१,८२७ नग हा आकडा मिळाल्यावर मालक तो आपल्या मागणीशी ताडून पाहतो. मागणी १,५००, म्हणजे थोडे कमी पडतात. पण धंदा वाढतो आहे, सहा महिन्यांत २,००० होतील, मग मशीन परवडेल. हा विचार बरोबर वाटतो. मात्र त्यात एक गोष्ट तपासायची राहून जाते. एका पाळीत हे मशीन १,८२७ नग करू शकतं का?

नगाला चढवण्या-उतरवण्यासकट ६ मिनिटं लागतात असं धरू. महिन्याचे २५ दिवस, जेवण-चहा वगळता दिवसाचे ७ तास, म्हणजे १७५ तास. त्यातून सेटिंग, टूल बदलणं, वीज जाणं, कास्टिंग वेळेवर न येणं, ऑपरेटरची रजा हे सगळं वजा केलं आणि ८० टक्के वेळ मशीन खरोखर चालू राहिलं, तर हाती १४० तास उरतात. तासाला १० नग, म्हणजे महिन्याला १,४००. बरोबरीचा आकडा आहे १,८२७. मागणी कितीही वाढू दे, एका पाळीत हे मशीन त्या आकड्यापर्यंत पोहोचूच शकत नाही.

जॉबवर्कवाल्याला हेच काम ६० रुपयांत परवडतं त्याचं मोठं कारण इथे आहे. त्याचं मशीन दोन-तीन पाळ्या चालतं. वेगवेगळ्या कारखान्यांचं काम त्याच्याकडे येत असल्याने एकाची मागणी घटली तरी दुसऱ्याचा माल मशीनवर चढतो. त्याचा स्थिर खर्च चारशे तासांवर पसरतो, आपला एकशे चाळीस तासांवर.

तेव्हा आपणही दोन पाळ्या चालवायच्या. दुसऱ्या पाळीत झीज, व्याज, जागा, विमा यांचा खर्च तोच राहतो असं ढोबळमानाने धरता येतं, पण दुसरा ऑपरेटर लागतो. स्थिर खर्च एकदम ३०,००० रुपयांनी वर चढून १,२५,००० होतो. ५२ ने भागल्यावर २,४०४ नग. दोन पाळ्यांची क्षमता २,८००. आता बरोबरीचा आकडा क्षमतेच्या आत आला, पण जेमतेम. मशीनच्या चालू तासांपैकी सुमारे ८६ टक्के तास कामाने भरलेले असतील तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. कमाई होते ती त्यापुढच्या चारशेएक नगांवर, आणि तीही पूर्ण महिना मशीन एकदाही बंद पडलं नाही तर.

चालू मागणी मात्र १,५०० चीच आहे. मग उरलेल्या तासांत आपणच इतरांचं जॉबवर्क करायचं, असं उत्तर बहुतेक मालक देतात. ते शक्य आहे, फक्त त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. स्वतःच्या नगावर ५२ रुपये वाचतात, कारण टेम्पो आणि तपासणीचाही खर्च टळतो. दुसऱ्याच्या कामात तेवढ्याच वेळाचे ६० रुपये मिळतात आणि १६ खर्च होतात, हाती ४४. आपले १,५०० नग ७८,००० रुपये भरून काढतात. उरलेल्या ४७,००० साठी सहा-सहा मिनिटांची १,०६८ कामं लागतात, म्हणजे दर महिन्याला जवळपास १०७ तासांचं बाहेरचं काम. ते मिळवायला दारोदार फिरावं लागेल, दर पाडून घ्यावा लागेल, बिलाच्या वसुलीसाठी थांबावं लागेल. भाग बनवणारा कारखानदार इथे जॉबवर्कचा धंदा सुरू करतो आहे. त्याला तो धंदा करायचा असेल तर हरकत नाही; पण मशीनचं कोटेशन मागवताना त्याने तो निर्णय घेतलेला नसतो.

मशीनची किंमत कमी करून बरोबरीचा आकडा खाली आणता येईल का? जुनं मशीन घेऊन पाहू. व्हीएमसी १६ लाखांना मिळालं, वरचा खर्च ३ लाख, आयुष्य आणखी सहा वर्षं, शेवटी ७ लाख परत. झीज आणि व्याज मिळून ४५,००० वरून २८,६०० वर येतात. देखभाल मात्र ७,००० वरून १२,००० वर जाते, आणि अचूकता कमी म्हणून खराब माल वाढून नगामागची बचत ५२ ऐवजी ५० होते. एका पाळीचा स्थिर खर्च ८३,६००. बरोबरीचा आकडा १,६७२. मशीनची किंमत जवळजवळ निम्मी झाली आणि आकडा जेमतेम दीडशेने खाली आला. अजूनही तो १,४०० च्या वरच आहे. ऑपरेटर, जागा, वीजभार यांना मशीन नवं आहे की जुनं याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो माणसाच्या वेळेने. सीएनसी लेथचा ऑपरेटर नग चढवून सायकल संपेपर्यंत मोकळा असेल आणि व्हीएमसी त्याच्या समोरच लावलं, तर एकच माणूस दोन्ही सांभाळतो. अनेक छोट्या शेडमध्ये मशीनं समोरासमोर लावलेली दिसतात ती यासाठीच. त्याला महिन्याला ५,००० रुपये वाढवून दिले, तर एका पाळीचा स्थिर खर्च ९५,००० ऐवजी ७०,००० होतो आणि बरोबरीचा आकडा १,३४६. तो १,४०० च्या आत आला! पण इथे लेथ आणि व्हीएमसी यांचे सायकल टाइम जुळायला हवेत. नाहीतर एक मशीन संपून दुसऱ्याची वाट पाहतं. या वाट पाहण्यात दहा टक्के नग जरी कमी झाले, तरी क्षमता १,२६० वर उतरते आणि सगळा फायदा पुसला जातो. मशीन घेण्याआधी दोन दिवस घड्याळ घेऊन लेथशेजारी उभं राहिलं तर ऑपरेटर खरोखर किती सेकंद मोकळा असतो ते कळतं.

आतापर्यंतचा हिशेब खर्चाचा होता. बँकेतून जाणाऱ्या पैशांचा हिशेब याहून वेगळा असतो, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. काही जण झीज आणि व्याज धरतात आणि वर हप्ताही मोजतात. तो एकच खर्च दोनदा मोजला जातो, कारण हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात. काही जण नुसता हप्ता धरतात आणि पाच वर्षांनी मशीन फुकट झालं असं समजतात. मशीन परवडतं का हे ठरवताना झीज आणि व्याज धरावं. पहिली पाच वर्षं निभाव लागेल का हे पाहताना त्यांच्याऐवजी हप्ता धरावा. आपल्या उदाहरणात झीज-व्याज ४५,००० आहे आणि हप्ता ५५,४००. म्हणजे दोन पाळ्यांत रोखीचा महिन्याचा भार १,३५,४०० होतो आणि बरोबरीचा आकडा २,४०४ वरून २,६०४ वर जातो. कागदावर थोडा नफा दिसत असताना खात्यात पैसे नसण्याचे महिने येतात ते या दोनशे नगांमुळे. जॉबवाल्याचं बिल तरी काही दिवसांच्या उधारीवर असतं, हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही.

या सगळ्या गणितात सर्वांत नाजूक आकडा कोणता? बाहेरचा दर. मालक मशीन घेणार ही बातमी जॉबवर्कवाल्याच्या कानावर गेली, की तो दर कमी करायला तयार होतो. तो ६० वरून ५२ वर आला असं समजा. आपली नगामागची बचत ५२ वरून ४४ वर येते. दोन पाळ्यांचे १,२५,००० भागिले ४४ म्हणजे २,८४१ नग, आणि क्षमता आहे २,८००. आठ रुपयांच्या फरकाने मशीनला परवडण्याची जागाच उरत नाही. म्हणून नुसता एक आकडा काढून थांबू नये. दर दहा टक्क्यांनी इकडेतिकडे झाला, सायकल टाइम अर्ध्या मिनिटाने वाढला, तर काय होतं हे त्याच कागदावर करून पाहावं. प्रत्येक बदलात उत्तर टिकलं तरच ते धरावं.

नगांची संख्याही सरासरीने घेऊ नये. पंपाच्या भागांची मागणी उन्हाळ्याआधी चढते आणि पावसाळ्यात उतरते. वर्षाची सरासरी १,५०० असली तरी काही महिने २,२०० चे आणि काही ८०० चे असू शकतात. बाहेर दिलेलं काम मागणीबरोबर आपोआप कमी-जास्त होतं. ८०० नगांच्या महिन्यात बिलही ८०० नगांचंच येतं. मशीनचा स्थिर खर्च मात्र तसाच राहतो. मागच्या दोन वर्षांची चलनं काढून महिनावार नग लिहिले, की हे चित्र तासाभरात समोर येतं. त्यातले सगळ्यांत मंद तीन महिने वेगळे काढावेत आणि त्या महिन्यांत हप्ता कुठून जाणार हे लिहून ठेवावं. एकाच गिऱ्हाइकासाठी एकच भाग बनत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: त्याने डिझाइन बदललं किंवा दुसरा पुरवठादार गाठला, तर फिक्स्चर भंगारात जातं, पण कर्ज राहतं.

पैशांत न बसणाऱ्याही काही गोष्टी आहेत. बाहेर दिलेला माल जॉबवाल्याच्या सोयीने परत येतो. त्याच्याकडे मोठ्या कंपनीचं काम आलं की आपला माल कोपऱ्यात पडून राहतो. उशिरामुळे गिऱ्हाईक दंड लावत असेल किंवा ऑर्डर हातची जात असेल, तर त्या नुकसानाला नगामागे रुपयांत मोजून ६८ मध्ये मिळवता येतं. वर्षभरात उशिराने ९०,००० रुपयांचं नुकसान झालं असेल, तर १८,००० नगांवर ते नगामागे ५ रुपये होतं. मग बाहेरचा खर्च ७३ आणि दोन पाळ्यांचा बरोबरीचा आकडा २,१९३. ‘बाहेरचं काम म्हणजे डोक्याला ताप’ या वाक्याला इतपत आकड्यात आणता येतं, आणि ते आणलंच पाहिजे. नाहीतर चिडलेला माणूस ३४ लाखांची सही करून मोकळा होतो. भाग नवा असेल आणि त्याची रचना प्रतिस्पर्ध्याला कळू द्यायची नसेल, तर त्याचं मोल आकड्यात मांडणं अवघड. तिथे मालकाने महिन्याला किती तोटा सोसायला आपण तयार आहोत हे आधी ठरवावं आणि गणित त्या आकड्याशी ताडावं.

धरलेल्या कारखान्यापुरतं बोलायचं, तर १,५०० नगांवर व्हीएमसी घेण्यात अर्थ नाही. पण हे गणित हातात घेऊन मालक जॉबवर्कवाल्याकडे जाऊ शकतो. महिन्यात २५० नगांचे सहा लॉट पाठवण्याऐवजी ५०० चे तीन पाठवले, तर त्याच्या तीन सेटिंग वाचतात. फिक्स्चर आपलं दिलं तर चढवण्या-उतरवण्याचा वेळ कमी होतो. महिन्याला किमान १,२०० नगांची खात्री आणि पंधरा दिवसांत बिलाचे पैसे, एवढं कबूल केलं तर तो ६० चे ५५ करायला बहुधा तयार होईल. त्याबदल्यात आपल्याकडे कास्टिंगचा साठा थोडा जास्त ठेवावा लागेल. पाच रुपयांप्रमाणे महिन्याला ७,५०० रुपये वाचतात, कर्जाशिवाय. त्याच वेळी वहीतला बरोबरीचा आकडाही दुरुस्त करून ठेवायचा: नगामागची बचत आता ४७, त्यामुळे दोन पाळ्यांसाठी २,६६०. सगळ्यांत मंद महिन्यातही मागणी या आकड्याच्या आसपास दिसू लागली, की मशीनवाल्या प्रतिनिधीला पुन्हा फोन करायचा, आणि नव्या कोटेशनवर हे सगळे भागाकार पहिल्यापासून करायचे.